मुलाने पाठवलेले डॉलर वाटेत कोणी खाल्ले?

प्रश्न: माझा मुलगा डॅलसला असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचाय म्हणून त्याने तिकडच्या बँकेतून वायरने 2000 डॉलर पाठवले. त्या दिवशी गूगलवर डॉलर 85.60 दाखवत होता, म्हणजे 1,71,200 यायला हवे होते. आले 1,66,654 आणि वर काही पैसे. मुलगा म्हणतो मी पूर्ण दोन हजार पाठवले, फी वेगळी भरली. कराडच्या ब्रँचमधे म्हणतात आमच्याकडे आलं तेवढं दिलं. शेजारच्या वहिनींचा मुलगा दुबईहून पाठवतो, तो सांगेल तेवढे रुपये अगदी पैशासकट जमा होतात. मग आमचेच साडेचार हजार कुठे गेले? बँकेच्या कागदाचा आणि मुलाच्या पावतीचा फोटो सोबत जोडलाय.
— एक वाचक, कराड

उत्तर: काकू, दोन्ही फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. नुसतं "कमी आले" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही, पण या दोन कागदांवरून सगळा हिशोब शेवटच्या पैशापर्यंत लागतो, मी लावून बघितला. मुलगा खोटं बोलत नाहीये आणि ब्रँचवालेही नाहीत. पण यातले सतराशेच्या आसपास रुपये मुलाला बहुतेक परत मागता येतील, आणि बाकीच्यातले बरेचसे पुढच्या खेपेला वाचतील, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी पैसे येतात कसे ते बघा. डॉलर कराडला येत नाहीत, खरं तर मुंबईलाही येत नाहीत. तुमच्या बँकेचं न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेत डॉलरचं खातं असतं, बँकेत त्याला नॉस्ट्रो खातं म्हणतात. मुलाच्या बँकेतून पैसे निघाले की ते या न्यूयॉर्कच्या बँकेकडे जातात, ती ते तुमच्या बँकेच्या नॉस्ट्रोत जमा करते आणि डॉलरचा प्रवास तिथेच संपतो. पुढे भारतात येतो तो फक्त स्विफ्टचा मेसेज, की अमुक बाईंच्या अमुक खात्यासाठी इतके डॉलर तुमच्या नावे जमा केलेत. हा मेसेज बँकेच्या मोठ्या फॉरेक्स शाखेत किंवा सेंट्रल प्रोसेसिंग सेंटरला पोचतो, ते लोक म्हणतात ठीक आहे, हे डॉलर आम्ही तुमच्याकडून विकत घेतले, आणि त्याचे रुपये बँक स्वतःच्या पैशातून तुमच्या खात्यात टाकते. कराडच्या ब्रँचला यातलं काहीच दिसत नाही, त्यांच्या स्क्रीनवर थेट रुपयांची एंट्री येते. त्यामुळे "आलं तेवढं दिलं" हे काउंटरवरच्या माणसाचं बोलणं त्याच्या जागी खरंच असतं, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

तर यात पैसे कापले जायच्या जागा मुळात दोनच. एक म्हणजे नॉस्ट्रोत जमा व्हायच्या आधी, तिथे डॉलर कापले जातात. दुसरी म्हणजे डॉलरचे रुपये करताना, तिथे भाव कापला जातो आणि वर थोडे चार्जेस लागतात. लोक या दोन्ही गोष्टी एकत्र करून "बँकेने कापले" म्हणतात आणि मग कोणाला जाब विचारायचा तेच कळत नाही. खरं तर दोन आकडे मिळाले की झालं, नॉस्ट्रोत किती डॉलर पोचले आणि भाव काय लावला. तुमच्या बँकेने जो कागद दिलाय, ज्याला इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस म्हणतात, त्यावर दोन्ही आहेत. डॉलर 1980 आणि भाव 84.35.

म्हणजे पहिले 20 डॉलर अमेरिकेतच गेले. गूगलच्या भावाने ते 1,712 रुपये झाले. हे घेतले मधल्या बँकेने, तिला करस्पाँडंट किंवा इंटरमीडियरी बँक म्हणतात. स्विफ्टच्या मेसेजमधे खर्च कोणी सोसायचा याचा एक रकाना असतो. तिथे OUR लिहिलं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, BEN लिहिलं तर सगळा घेणाऱ्याचा, आणि SHA म्हणजे पाठवणाऱ्याच्या बँकेची फी त्याने भरायची आणि तिथून पुढे जे काही लागेल ते रकमेतून कापायचं. (नव्या पद्धतीच्या मेसेजमधे हीच तीन नावं DEBT, CRED, SHAR अशी दिसतात, अर्थ तोच.) कोणी मुद्दाम काही सांगितलं नाही तर साधारण SHA च लागतं. म्हणून मुलगा म्हणतो मी फी भरली आणि तेही खरं, त्याने भरली ती त्याच्या बँकेची 45 डॉलर, मधल्या बँकेची कोणी भरलीच नव्हती, तिने आपली आपण रकमेतून काढून घेतली.

आता इथे मुलाची पावती नीट बघा, मला सगळ्यात इंटरेस्टिंग तीच वाटली. अमेरिकेत माणूस घरच्यांना पैसे पाठवतो तेव्हा बँकेने त्याला आधीच लेखी सांगावं लागतं की फी किती, भाव काय, मधल्यांचे चार्जेस किती आणि समोरच्याला नक्की किती मिळणार. तिकडच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेचा, सीएफपीबीचा, रेमिटन्स ट्रान्सफर रूल म्हणून नियम आहे त्यात हे येतं. तुमच्या मुलाच्या पावतीवर Other Fees समोर शून्य आहे आणि Total to Recipient समोर 2,000.00 USD. कुठेही Estimated हा शब्द नाही. म्हणजे बँकेने लिहून दिलंय की मधे काही कापलं जाणार नाही, समोर पूर्ण दोन हजार पोचतील, आणि पोचले 1980. या नियमात याला "एरर" धरतात आणि मुलाला बँकेकडे तक्रार करता येते. पैसे पोचायची जी तारीख पावतीवर दिलीये तिथून 180 दिवसांच्या आत तक्रार करायची, बँकेला 90 दिवसांत तपास करावा लागतो, आणि चूक निघाली तर तेवढी रक्कम त्याला परत द्यायची का तुमच्या खात्यात पोचवायची हे मुलगा ठरवतो.

यात दोन अडचणी असू शकतात तेही सांगून ठेवते. पावतीवर खाली बारीक अक्षरात असतं की घेणाऱ्याच्या बँकेच्या फीमुळे आणि परदेशातल्या टॅक्समुळे रक्कम कमी मिळू शकते. ही ओळ तुमच्या कराडच्या बँकेसाठी आहे, तिने भारतात जे काही कापलं त्याबद्दल अमेरिकेतली बँक जबाबदार नाही. पण मधल्या बँकेने कापलेले डॉलर या ओळीत बसत नाहीत, आणि कस्टमर केअरवाला हमखास हीच ओळ वाचून दाखवून फोन ठेवायला बघेल, तेव्हा मुलाला हा फरक माहीत पाहिजे. दुसरी अडचण Estimated ची. बँकेला काही ठराविक परिस्थितीत मधल्यांचे चार्जेस अंदाजाने लिहायची मुभा आहे, आणि तसं लिहिलेलं असेल तर थोडा फरक पडला म्हणून चूक धरत नाहीत. तुमच्या पावतीवर तो शब्द नाही म्हणूनच मी म्हणतेय की मागा.

मागताना मुलाने नुसतं "माझ्या आईला कमी मिळाले" म्हणू नये, त्यावर ते रुपयाच्या भावाकडे बोट दाखवतील आणि विषय संपेल. रुपयांचा उल्लेखच करू नये. सरळ लिहावं की पावतीवर 2000 डॉलर आहेत, भारतातल्या बँकेच्या अ‍ॅडव्हाइसवर 1980 डॉलर आहेत, ही कॉपी, मधले 20 कोणी कापले ते ट्रेस करा. प्रत्येक स्विफ्ट ट्रान्सफरला UETR नावाचा 36 अक्षरांचा नंबर असतो, मधे मधे डॅश असलेला, त्यावरून पैसे कुठल्या बँकेतून गेले आणि कुठे किती कापले हे बँकेला बघता येतं. तो नंबर पावतीवर नसला तर मागून घ्यायचा. हाच नंबर पैसे अडकले तरी उपयोगी पडतो.

आता भाव. गूगलवर जो 85.60 दिसतो तो मधला भाव आहे, म्हणजे मोठ्या बँका एकमेकींकडून डॉलर ज्या भावाला घेतात आणि ज्या भावाला विकतात त्याच्या मधोमधचा. त्या भावाने तुम्हाआम्हाला कोणीही देत नाही. सराफाकडे जुनी अंगठी मोडायला गेलं की पेपरातल्या भावाने पैसे मिळत नाहीत तसंच हे. बँकेचा स्वतःचा भाव असतो, रोज सकाळी कार्ड रेट म्हणून निघतो, त्यात एकाच डॉलरचे चार सहा वेगवेगळे भाव असतात आणि बाहेरून खात्यात आलेल्या पैशाला त्यातला TT Buying लागतो. तुम्हाला लागला 84.35. डॉलरमागे सव्वा रुपया कमी, 1980 डॉलरवर 2,475 रुपये. तुमच्या साडेचार हजारातला सगळ्यात मोठा तुकडा हा आहे, आणि गंमत म्हणजे कागदावर तो कुठेच "चार्ज" म्हणून लिहिलेला नाही! कारण तांत्रिकदृष्ट्या तो चार्ज नाहीच, बँकेने तुमच्याकडून माल त्या भावाला घेतला एवढंच. यालाच मार्जिन म्हणतात.

सव्वा रुपया म्हणजे साधारण दीड टक्का. हे जास्त आहे का? माझ्या मते आहे, पण जगावेगळं नाही, छोट्या रकमेला बँका सर्रास असं लावतात. मात्र बँकेने तिच्याच त्या दिवसाच्या कार्ड रेटपेक्षा कमी भाव लावला असेल तर ते चूक, आणि ते तपासता येतं. बऱ्याच बँका कार्ड रेट वेबसाइटवर टाकतात, नाहीतर ब्रँचमधून त्या तारखेचा मागायचा. तारीख ती घ्यायची ज्या दिवशी रुपयांत बदलले, मुलाने पाठवले त्या दिवशीची नाही. यात लोक फसतात, सोमवारी रात्री गूगल बघून ठेवतात आणि पैसे बदलले जातात बुधवारी, मधे भाव तीस पैसे हलला की उगाच बँकेवर संशय. तुलनेसाठी सोयीचा म्हणजे एफबीआयएलचा रेफरन्स रेट, पूर्वी रिझर्व्ह बँक काढायची तो, 2018 पासून ही संस्था काढते. कामाच्या दिवशी दुपारी जाहीर होतो. त्या दिवशीचा रेफरन्स रेट आणि तुमच्या कागदावरचा भाव यातलं अंतर म्हणजे ढोबळ मानाने बँकेचं मार्जिन.

आणि टेबलमधे बघताना रांग चुकवू नका. डॉलर नोटा घेऊन गेलात तर लागतो तो भाव वेगळा असतो आणि बराच वाईट असतो, चेक किंवा बिलाचा आणखी वेगळा. तुमचा तो TT Buy चा.

राहिले किरकोळ. जीएसटी 240.31. हा बघून खूप जणांना वाटतं की मुलाने पाठवलेल्या पैशावर सरकारने टॅक्स लावला. तसं नाही, बँकेने डॉलरचे रुपये करून दिले त्या सेवेवरचा हा कर आहे. आणि सेवेची किंमत किती धरायची याचं कोष्टक जीएसटीच्या नियमातच दिलंय. एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का, निदान 250 रुपये, आणि एक ते दहा लाखांमधे हजार रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. तुमचे 1980 गुणिले 84.35 म्हणजे 1,67,013. हजार, अधिक 67,013 चा अर्धा टक्का म्हणजे 335.07, झाले 1,335.07, त्यावर 18 टक्के 240.31. बरोब्बर जुळतंय. यात बँकेच्या हातात काही नाही, यावर वाद घालू नका. आणि शेवटचे 118 म्हणजे बँकेची इनवर्ड कमिशन शंभर रुपये अधिक त्यावरचा जीएसटी अठरा.

आता बेरीज करा. 1,712 मधल्या बँकेचे, 2,475 भावात गेले, 240.31 जीएसटी, 118 कमिशन. एकूण 4,545.31. आणि 1,71,200 मधून 1,66,654.69 वजा केले की हेच येतात.

पण काकू, तुम्ही एक गोष्ट मोजलीच नाहीत. मुलाने वर भरलेले 45 डॉलर. तेही घरातलेच पैसे, 3,852 रुपये. म्हणजे दोन हजार डॉलर डॅलसहून कराडला आणायला प्रत्यक्षात आठ हजार चारशेच्या आसपास खर्च झाला, जवळपास पाच टक्के. हे मात्र मला जास्त वाटलं, आणि याचं कारण तुमची बँक नाही, वायरची पद्धत.

शेजारच्या वहिनींच्या मुलाचं काय ते आता सहज लक्षात येईल. दुबईत तो वायर करत नाही, एक्स्चेंज हाऊसच्या काउंटरवर जातो किंवा त्यांच्या अ‍ॅपवर. या एक्स्चेंज हाऊसचा भारतातल्या बँकेशी करार असतो, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा, त्याला रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट म्हणतात. एक्स्चेंज हाऊसचे रुपये त्या बँकेत आधीच पडून असतात. दिरहमचे रुपये दुबईतच होतात, काउंटरवरच आकडा पक्का होतो, आणि इकडे फक्त एका भारतीय बँकेतून दुसऱ्या बँकेत एनईएफटी किंवा आयएमपीएस होतं. मधे न्यूयॉर्क नाही, करस्पाँडंट नाही, तुमच्या बँकेचा TT भाव नाही. म्हणून पैशासकट जुळतं.

जुळतं म्हणजे फुकट येतं असं मात्र नाही हं. कात्री तिथेही लागते, फक्त ती दुबईत लागते आणि वहिनींना दिसत नाही. बघायचं असेल तर मुलाला विचारा किती दिरहम दिलेस. दिरहम डॉलरला 3.6725 या ठरलेल्या दराने बांधलेला आहे, वर्षानुवर्षं बदललेला नाही, त्यामुळे हिशोब सोपा. डॉलर 85.60 असेल त्या दिवशी दिरहमचा मधला भाव 23.31 येतो. एक्स्चेंज हाऊसने समजा 23.15 लावला तर सोळा पैसे गेले, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आतबाहेर, वर काय फी असेल ती. तुमच्या पाच टक्क्यांपुढे हे स्वस्तच आहे, पण वहिनींना वाटतं तसं शून्य नाही.

अमेरिकेहूनही या पद्धतीने पाठवता येतं. ज्या मनी ट्रान्सफर कंपन्या आणि अ‍ॅप्स आहेत त्या मुलाच्या खात्यातून तिकडच्या तिकडे पैसे घेतात आणि इथे त्यांच्या भारतातल्या बँकेतून तुमच्या खात्यात रुपये टाकतात. भाव पाठवतानाच दिसतो, किती रुपये पडणार तेही दिसतं, मधल्या बँकेचा प्रश्नच येत नाही. स्लॅबच्या पुढच्या हप्त्यासाठी मुलाने हेच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कोणती कंपनी हे मी सांगणार नाही, कारण भाव रोज बदलतात आणि आज जी स्वस्त ती पुढच्या महिन्यात महाग असते. कसं बघायचं ते सांगते. मुलाने एकाच वेळी, म्हणजे पाच दहा मिनिटांच्या आत, दोन तीन ठिकाणी तोच आकडा टाकायचा: माझ्या खात्यातून फीसकट एकूण 2,045 डॉलर गेले तर आईच्या खात्यात किती रुपये पडतील? बस, हाच एक आकडा बघायचा. फी किती आणि भाव किती हे वेगळं बघायला गेलं की डोकं फिरतं आणि नेमकं तिथेच फसवतात. "झिरो फी" लिहिलेलं असतं आणि भावात दोन रुपये कापलेले असतात. दोन हजार डॉलरवर दोन रुपये म्हणजे चार हजार, त्यापेक्षा दहा डॉलर फी घेऊन चांगला भाव देणारा परवडला. आणि पहिल्या वेळेला खास भाव देतात, नवीन गिऱ्हाईक म्हणून. तो भाव बघून सगळ्या नातेवाईकांना सांगत सुटायचं नाही, दुसऱ्यांदा पाठवताना काय देतात ते बघायचं.

मुलाची बँकही त्याला सांगू शकते की डॉलरऐवजी थेट रुपयांत वायर कर, फी कमी किंवा माफ. ऐकायला छान वाटतं, पण मग भाव ती बँक लावते, आणि माझ्या अनुभवात तो भाव आपल्या इथल्या TT पेक्षा बहुतेक वेळा वाईटच निघतो. तिथेही तेच करायचं, पावतीवरचा Total to Recipient रुपयांत काय येतो तो बघायचा आणि दुसरीकडच्या आकड्याशी ताडायचा.

मग वायर करायचीच नाही का, तर तसंही नाही. अ‍ॅप्सना एका वेळच्या आणि महिन्याच्या मर्यादा असतात, आणि रक्कम खूप मोठी असली, फ्लॅट घ्यायचा वगैरे, की वायरच बरी पडते. कारण 45 आणि 20 हे पासष्ट डॉलर ठोक आहेत, रकमेप्रमाणे वाढत नाहीत. पाचशे डॉलर पाठवले तर पासष्ट म्हणजे तेरा टक्के, दोन हजारावर सव्वातीन टक्के, दहा हजारावर एक टक्काही नाही. म्हणून कॉन्ट्रॅक्टर सळईला एवढे दे, सिमेंटला एवढे दे, सेंटरिंगवाल्याला एवढे दे असं तुकड्या तुकड्याने मागतो त्याप्रमाणे मुलाने वायर करत बसू नये, दरवेळी पासष्ट डॉलर गेले. एकदाच मागवून इथे खात्यात ठेवा आणि कॉन्ट्रॅक्टरला हप्त्याने द्या, तुम्हाला व्याजही मिळेल.

मोठी रक्कम असेल तेव्हा भावही मागून घेता येतो, हे फार कमी लोकांना माहितीये. कार्ड रेट हा छोट्या रकमेसाठी असतो. ठराविक आकड्याच्या वर, आणि हा आकडा बँकेगणिक वेगळा असतो, ब्रँच मॅनेजर फॉरेक्स डेस्कला फोन लावून त्या क्षणाचा भाव घेऊ शकतो आणि तो कार्डपेक्षा बराच चांगला असतो. पण हे पैसे यायच्या आधी बोलायला लागतं. मेसेज आला की सेव्हिंग खात्याचे पैसे आपोआप कार्ड रेटने बदलून टाकतात, नंतर जाऊन कितीही हात जोडले तरी काही होत नाही. आधीच लेखी द्यायचं की माझ्या खात्यात अमुक देशातून अमुक रक्कम येणार आहे, कन्व्हर्ट करण्याआधी मला फोन करा. दोन हजार डॉलरसाठी मॅनेजर एवढं करणार नाही, सरळ सांगते. वीस पंचवीस हजार डॉलर असले की खुर्ची पुढे ओढून देईल.

आणि वायरने पाठवायचंच झालं तर मुलाने आधी विचारावं की OUR करता येईल का. अमेरिकेतल्या सगळ्याच बँका साध्या ग्राहकाला ते देत नाहीत, आणि दिलं तरी त्याचे वेगळे पैसे घेतात, शिवाय OUR असूनही मधल्या बँकेने कापल्याच्या केसेस मी पाहिल्यात. पण तेव्हा निदान भांडायला कागद असतो.

एक बारीकशी गोष्ट, तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. बऱ्याच जणांचं खातं गावातल्या छोट्या सहकारी बँकेत असतं. अशा बहुतेक बँकांना परकीय चलनाचा परवाना नसतो, मग डॉलर येतात त्यांच्या वतीने दुसऱ्या मोठ्या बँकेत, तिथे रुपये होतात, तिथली फी लागते आणि मग एनईएफटीने गावात. एक टप्पा वाढला, आणि त्याचा कागद तर मागून मागूनही मिळत नाही. परदेशातून वायर नियमित येत असेल तर एक खातं मोठ्या बँकेत काढलेलं बरं.

बँकेची तक्रार कधी करायची, तर भाव त्या दिवसाच्या कार्ड रेटपेक्षा कमी लावला असेल, किंवा नॉस्ट्रोत डॉलर येऊनही काही कारण न देता चार पाच दिवस बसून राहिले असतील, किंवा त्यांच्याच चार्जेसच्या यादीत नसलेलं काही कापलं असेल तेव्हा. ब्रँचला लेखी द्यायचं, तक्रारीचा नंबर घ्यायचा, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी लागत नाही. पण "मार्जिन दीड टक्का का, एक टक्का का नाही" ही तक्रार तिथे टिकत नाही, कारण भाव किती ठेवायचा हा बँकेच्या धंद्याचा निर्णय धरतात. तुमच्या बाबतीत मला कागदावरून तरी भाव सोडला तर काही वावगं दिसत नाही, फक्त त्या तारखेचा कार्ड रेट काढून 84.35 त्याच्याशी एकदा ताडून बघा, तो आकडा फोटोत नाहीये.

तर आता तुम्ही करायचं ते इतकंच. अ‍ॅडव्हाइसचा तोच फोटो मुलाला पाठवा, पण जरा उजेडात परत काढा, 1980 चा शून्य सहासारखा दिसतोय. मुलाने पावतीवरची तारीख बघून 180 दिवस कधी भरतात ते मोजावं, आणि बँकेला फोन न करता लेखीच कळवावं, म्हणजे आपण कधी कळवलं याचा पुरावा राहतो.